दोन पाळ्यांच्या मधला वर्ग

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर खांद्यावर टाकून किंवा रिक्षातून घेऊन माणूस येतो, आणि पहिलं वाक्य हमखास असतं, "भाऊ, आजच पाहिजे." केळीचं पाणी अडलेलं असतं नाहीतर कापडाचा पावरलूम बंद पडलेला असतो. मोटर उघडायची, जळकी तार काढायची, खाचांत नवा कागद बसवायचा, फर्म्यावर कॉइल वळून ती त्या खाचांत उतरवायची, कनेक्शन करायचं, तपासायचं, वार्निश देऊन भाजायचं. आज संध्याकाळपर्यंत हे होत नाही असं मी तीस वर्षं सांगतो आहे आणि तीस वर्षं कोणी ऐकत नाही.

काही वर्षांपूर्वी मी दुकानाच्या वरच्या खोलीत वर्ग सुरू केला. समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती. कोणी ना कोणी येऊन "मला शिकवा" म्हणून डोकं खायचं, आणि दुकान चालू असताना एकेकाला शिकवणं म्हणजे धड ना काम धड ना शिकवणी. त्यापेक्षा एकदम आठ जण घ्यावेत आणि सुट्टीच्या दिवशी शिकवावं, असं वाटलं. आठच, कारण बाकं चार आणि एका बाकावर दोन माणसांपलीकडे हात चालत नाहीत.

दाराला पाटी लावली: नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी, शनिवार-रविवार, दुपारी दोन ते पाच. ही वेळ मी हवेतून काढली नव्हती. नाव नोंदवायला येईल त्याला मी खुर्चीवर बसवून विचारत होतो की तू मोकळा कधी असतोस. त्यात डोईफोडिया गावच्या एक ताई होत्या. नवऱ्याचं गावात पंपदुरुस्तीचं दुकान, कॉइल घरी त्याच वळायच्या, पण कनेक्शन नवऱ्याच्या हातचं, आणि नवऱ्याची नजर अधू होत चाललेली. त्यांची सकाळची बस खकनारवरून फिरत फिरत नऊच्या पुढे बऱ्हाणपूरला टेकायची आणि परतीची शेवटची संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटायची. तीन जण बाजारातल्या दुकानांत कामाला. त्यांना दुपारी जेवणानंतर मालक सोडायला तयार होते. उरलेले चार पावरलूमवरचे कामगार. चौघांनीही सांगितलं, "दुपारी रिकामाच असतो भाऊ." दोन ते पाच ही वेळ सगळ्यांना चालली. माझं मलाच कौतुक वाटलं. बायकोला म्हटलं, लोक उगाच म्हणतात की वेळ जमत नाही, विचारावं लागतं नीट. ती म्हणाली, "बघू या." तिच्या या दोन शब्दांचा मला नेहमी राग येतो, कारण ते खरे ठरतात.

पहिल्या आठवड्यात आठही जण आले. खोली भरली. मी खाचा कशा मोजायच्या, तारेची जाडी कशी बघायची, जुनं वाइंडिंग तोडण्याआधी फेरे लिहून का ठेवायचे, हे सगळं उत्साहात सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात चार जण आले. लूमवाला एकही नाही. मला वाटलं, कंटाळले. चार वेळा जांभया दिल्या होत्याच त्यांनी. तिसऱ्या आठवड्यात चौघेही हजर, जणू मध्ये काही झालंच नाही. त्यांचा मागचा धडा बुडालेला, बाकीच्यांचा झालेला, आणि मी मधे उभा. चौथ्या आठवड्यात पुन्हा गायब.

आता हे या गावात राहून मला कळायला हवं होतं. लूमची पाळी बारा तासांची. सकाळी आठ ते रात्री आठ दिवसपाळी, रात्री आठ ते सकाळी आठ रात्रपाळी. शुक्रवारी लूम बंद, आणि शुक्रवार उलटला की पाळ्या बदलतात. गेल्या आठवड्यात दिवसा असलेला या आठवड्यात रात्री. माझ्याकडे नाव नोंदवायला ते चौघं दुपारी आले होते, कारण त्या आठवड्यात ते रात्रपाळीला होते. "मोकळा कधी असतोस?" या प्रश्नाचं त्यांनी त्या आठवड्याचं खरं उत्तर दिलं. मी ते वर्षभराचं धरून चाललो.

चौघांपैकी एकाला मी जरा चिडूनच विचारलं. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, बोलताना मान एका बाजूला कलती करणारा माणूस. लूमच्या आवाजात वर्षं काढली की बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ कान न्यायची सवय लागते, तशी ती मान.

"अरे, आधी सांगायचं नाही का?"

"आपण विचारलं तेव्हाचं सांगतलं ना भाऊ," तो म्हणाला. "पुढच्या हप्त्याचं कोण इचारते?"

मी म्हटलं, ठीक आहे, मग शुक्रवारी या, शुक्रवार तर सुट्टी. हे बोलून मीच थांबलो. शुक्रवारी लूम बंद असतात म्हणूनच लूममालक त्या दिवशी आपल्या बिघडलेल्या मोटारी उतरवून माझ्याकडे पाठवतात आणि शनिवारी सकाळी आठला त्या परत फिरत्या पाहिजेत म्हणून उरावर बसतात. आठवड्यात माझ्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी शुक्रवारची. चारही बाकांवर गिऱ्हाइकांच्या मोटारी आणि माझे दोन्ही हात वार्निशमध्ये. त्यांची सुट्टी म्हणजे माझी हमाली. घोडं इथंच अडलं.

बाकीच्या तिघांनी सांगून टाकलं की राहू द्या भाऊ, एका आड एक आठवडा येऊ, जमेल तेवढं शिकू. उंच माणूस मात्र दाराशी रेंगाळला. सगळे गेल्यावर त्यानं सांगितलं की त्याला जमेल तेवढं चालणार नाही, पुरतंच पाहिजे. त्याच्या सेठनं जुने लूम काढून नवे आपोआप चालणारे बसवायचं ठरवलं होतं. दिवाळीनंतर येणार होते. जुन्या लूमवर एक माणूस चार लूम सांभाळतो, नव्यावर एकजण कितीतरी जास्त सांभाळतो, तेव्हा माणसं कमी होणार हे लूमच्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. सेठ म्हणाला होता की मोटरचं काम शिकून घेतलंस तर तुला शेडचा मोटरवाला म्हणून ठेवतो, नाहीतर मी तरी काय करू.

"दिवाळीपर्यंत मला कॉइल उतरवता आली पाहिजे आणि कनेक्शन करता आलं पाहिजे," तो म्हणाला. "आधं अधूरं नाही."

हे त्यानं रडत सांगितलं नाही, की हात जोडून सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला त्याचं ते बोलणं आवडलं. मला गळेपडू माणसं आवडत नाहीत.

एका आड एक आठवड्यानं हे काम शिकता येत नाही, हेही खरं होतं. कॉइल अर्धी उतरवून ठेवली की आठवडाभरात कोणाचा तरी धक्का लागतो, तारेवरचा पातळ लेप खरवडतो आणि पुढच्या वेळी तीच तार शॉर्ट होते. एका बैठकीत तीन तास लागतातच. आणि ज्या हाताला आठ दिवस सवय नाही तो अडखळतो, ज्याला पंधरा दिवस नाही तो पहिल्यापासून सुरू करतो.

मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आखणी करत बसलो. एक ओळ त्याच्या दिवसपाळीच्या आठवड्याची, एक रात्रपाळीच्या आठवड्याची. दोन्ही ओळींत निदान रविवारी एकच वेळ मोकळी सापडते का बघत होतो. सापडणार कशी? एका आठवड्यात तो जेव्हा मोकळा, नेमका तेव्हाच तो दुसऱ्या आठवड्यात अडकलेला. दुपार गेली, संध्याकाळ गेली. मग लक्षात आलं की मोकळी वेळ शोधणंच चूक आहे. कमीत कमी अडकलेली वेळ शोधायला पाहिजे. पाळी बदलते ते आठ. वर्ग आठच्या दोन्ही बाजूंना पसरला तर कोणत्याही आठवड्यात अर्धाच वर्ग त्याच्या पाळीत येतो. सकाळी साडेसहा ते साडेनऊ. रात्रपाळी असेल तेव्हा आठच्या आधी जरा लवकर सुटायचं, दिवसपाळी असेल तेव्हा आठनंतर जरा उशिरा पोचायचं. मग राहिला प्रश्न तेवढ्या वेळात त्याचे लूम कोण चालवणार.

"जोडीदार आहे ना," तो म्हणाला.

लूमवर अशी रीत आहे. त्याच चार लूमवर दोन माणसं, एक दिवसा, एक रात्री, आणि दोघं आलटून पालटून. कोणाकडे लग्न निघालं, पोराला दवाखान्यात न्यायचं असलं, तर जोडीदार मागे थांबतो किंवा आधी येतो. ते तास दुसरा आठवड्यात कधीतरी फेडतो. त्या वेळात निघालेलं कापड ज्यानं चालवलं त्याच्या नावावर. सेठला फक्त लूम चालू पाहिजे, पुढे उभा कोण, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. पण हे अडीअडचणीपुरतं. दर रविवारी, चार महिने, बारा तासांना पावणेदोन-दोन तासांची पुरवणी जोडणार, हे जोडीदारानं कबूल करायला पाहिजे होतं. मला दुसऱ्याच्या भरवशावर वर्ग लावायचा नव्हता. मी म्हटलं, चल, मी त्यालाच विचारतो.

शेडमध्ये मी मोटारी बघायला अनेकदा गेलो आहे, तरी दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा कान बंद होतात. जोडीदार लूमच्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, तुटलेला धागा जोडत, संपलेली सुताची कांडी बदलत. ठेंगणा, जाडसर, गालावर दाढीचे पांढरे खुंट. मी त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. किती आठवडे, किती वाजता, दर वेळी किती वेळ जास्त. त्यानं एका हातानं लूम थांबवला, धागा जोडला, पुन्हा चालू केला आणि मग माझ्या कानात ओरडला, "हौ. येऊ द्या त्याले."

"रात्रभर उभं राहून वर दोन तास. झेपेल का?"

"झेपीन ना. आठ आन् धा मध्ये काय फरक पडते."

फरक पडतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तेवढ्यावर समाधान मानलं. विचारायचं ते विचारून झालं होतं आणि कान दुखायला लागले होते.

आता डोईफोडियाच्या ताई. साडेसहाला त्यांना येणं शक्यच नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, मी चार वाजता उठून चालत निघाली तरी साडेसहाले खकनारपर्यंत पोहचत नाही." बाजारातल्या तिघांनाही रविवारची सकाळ नको होती. तेव्हा दोन वर्ग करावे लागले. लूमवाले चौघं सकाळी साडेसहा ते साडेनऊ, बाकीचे चौघं दुपारी एक ते चार, म्हणजे ताईंना बससाठी धावपळ नको. शनिवार सोडून दिला. बाकीच्या तीन लूमवाल्यांनीही आपापल्या जोडीदारांशी बोलून घेतलं. दोघांचं जमलं, एकाचं जमलं नाही. त्याचा जोडीदार म्हणाला की माझ्याच्यानं होणार नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माझा रविवार संपला. बायको म्हणाली, "नोकरीवाल्यांसाठी वर्ग काढला, आता तुमचीच पाळी लागली." हे ती मोठ्यानं, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. सहाला उठून दुकानाचं शटर वर करताना मला दर वेळी आपण हे का करतो आहोत असा प्रश्न पडायचा. उत्तर सापडायच्या आत उंच माणूस जिन्यावर दिसायचा, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला.

त्याच्या येण्यावरून मला पाळी ओळखू यायची. रात्रपाळी करून आला की केसांत कापसाची पांढरी तूस अडकलेली, डोळे लाल, आणि हात मात्र सावकाश, शांत. दिवसपाळीच्या आठवड्यात आंघोळ करून, डबा घेऊन, पण नऊ वाजले की हात घाई करायला लागायचे. मला रात्रपाळीतला तो आवडायचा. झोपेनं पेंगत असताना त्यानं उतरवलेली कॉइल दिवसाच्या कॉइलपेक्षा सरळ बसलेली असायची. मी एकदा म्हटलंही, तू झोपेतच शिकतोस की काय. तो हसला नाही. त्याला माझे विनोद कळत नसावेत, किंवा कळत असावेत.

दुपारच्या वर्गात ताई सगळ्यांच्या पुढे गेल्या. कॉइलचा हात त्यांचा मुळातच होता. कनेक्शन त्यांनी पाच रविवारांत आत्मसात केलं आणि सहाव्या रविवारी मला विचारलं की परीक्षा कधी. मी म्हटलं, गावात जळालेली मोटर हीच परीक्षा. त्यांनी पुढच्या रविवारी पिशवीतून गावातल्या कोणाच्या तरी पंपाचा स्टेटर, म्हणजे मोटरचा तार भरायचा न फिरणारा भाग आणला, बसमध्ये मांडीवर ठेवून. तो त्यांनी स्वतः भरला. मी बोट लावलं नाही.

उंच माणसाचं तसं नव्हतं. कॉइल उतरवायला तो लवकर शिकला, कनेक्शनपाशी हटकून अडकायचा. कोणत्या गटाचं टोक कोणत्या गटाला, हे तो कागदावर बरोबर काढायचा आणि मोटरवर चुकवायचा. दिवाळी जवळ आली तसा त्याचा चेहरा ताणलेला दिसू लागला. एका रविवारी त्यानं जोडलेली मोटर चालू केली आणि ती नुसती घुमत राहिली, फिरली नाही. त्यानं ती बंद केली, पक्कड बाकावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आठ वाजून गेले होते. तिकडे शेडमध्ये त्याचा जोडीदार तेराव्या तासात शिरला होता. थोड्या वेळानं तो परत आला आणि त्यानं सगळी टोकं सोडून पहिल्यापासून जोडायला घेतली. त्या दिवशी तो साडेनऊला उठला नाही. मी आठवण केली तर म्हणाला, "त्यानं सांगतलं आहे, होईपर्यंत येऊ नको." दहाच्या पुढे कधीतरी मोटर फिरली. नीट, एका लयीत, थरथर न करता. मला मनापासून आनंद झाला. मी चहा मागवला. तो चहा न पिता शेडकडे पळाला.

दिवाळीनंतर नवे लूम आले. त्यांच्या मोटारी वेगळ्या, सोबत पॅनेलही होते. कंपनीचा माणूस आठवडाभर येऊन समजावून गेला, आणि जुनं येणाऱ्यालाच नवं समजतं, म्हणून उंच माणूस त्याच्यासोबत राहिला. सेठनं शब्द पाळला. त्याला शेडचा मोटरवाला केलं, दिवसा साडेनऊ ते सहा. पाळी सुटली. तो पेढे घेऊन आला, नव्या शर्टात, मान अजून तशीच कलती. मी पेढा घेतला, बायकोनं दोन घेतले. वर्गाचा उपयोग झाला, असं मी त्या आठवड्यात चार जणांना तरी ऐकवलं असेल.

नंतर महिन्याभरानं, नव्या वर्गासाठी नावं घ्यायला मी दुपारी दुकानात बसलो होतो. आता मी शहाणा झालो होतो. आलेल्याला पहिल्यांदा पाळी विचारायची, मग बदलीचा वार, मग जोडीदार आहे का, मग बस. दारात ठेंगणा माणूस उभा राहिला. मी ओळखलं नाही, कारण त्याला मी शेडबाहेर कधी बघितलंच नव्हतं. त्यानं सांगितलं, तेव्हा उठून खुर्ची दिली.

"या, या. तुमचा दोस्त तर मोटरवाला झाला."

"हौ. मीच म्हटलं होतं त्याले, पेढे घेऊन जाय."

"तुम्हाला शिकायचं आहे?"

"शिकायचंच आहे."

मी पेन उचललं. "सध्या कोणती पाळी?"

"कोणतीच नाही," तो म्हणाला. "लूम निघाले ना. चार लूमवर आम्ही दोघं होतो. सेठनं सुरुवातीलेच सांगतलं होतं, दोघांपैकी जो मोटरचं शिकीन तो राहीन. एक."

मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं की सेठनं हे उंच माणसाला एकट्यालाच सांगितलं होतं. मला तसं वाटायला त्याच्या बोलण्यात जागा होती, आणि मी पुढे विचारलं नव्हतं. मी शेडमध्ये जाऊन याच माणसाच्या कानात ओरडलो होतो, दर रविवारी दोन तास झेपतील का म्हणून.

"मग तुम्ही का नाही आलात? एका आठवड्यात तो, एका आठवड्यात तुम्ही, असं..."

"त्यात दोघंही आधे आधे शिकलो असतो भाऊ," तो म्हणाला, "आन् दोघंही बाहेर झालो असतो. एकानं लूमवर उभं राहिल्याबिगर दुसऱ्याले येताच येत नव्हतं. तो दहावी पास आहे. मी पाचवीले सुटलो. मंग त्यालेच जाऊ दिलं."

"त्यानं तास फेडले का तरी?" मी विचारलं.

"फेडत होता. मीच घेतले नाही. दिवाळीच्या आधी त्याले झोप पाहिजे होती."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणाचा ते धड सांगता येणार नाही. सेठचा म्हणावं तर त्यानं दिलेला शब्द पाळला होता. उंच माणसाचा म्हणावं तर त्यालाही याच्यासारखंच एकाच जागेसाठी उभं केलं होतं. बाहेर कोणीतरी जळका पंप घेऊन "आजच पाहिजे" करत आला. मी त्याला उद्या ये म्हणून जवळजवळ हाकललं.

मग मी म्हटलं, ठीक आहे, नवा वर्ग रविवारचाच आहे, सकाळी किंवा दुपारी, तुम्हाला आता कोणतीही वेळ चालेल.

त्यानं मान हलवली. "रविवार नको भाऊ."

"का?"

"रविवारी सगळेच घरी राहतात. कोणी काही इचारत नाही. सोमवारपासून पोरगा कामावर जाते, सून शिवणाले जाते, गल्लीतले सगळे जातात. मी ओट्यावर बसतो. येणारा-जाणारा इचारते, आज घरी कसे. रोजच्या दिवसाची वेळ द्या. सकाळी आठची. आठले घरातून निघायची आदत आहे."

"दुकान दहाला उघडतं," मी म्हटलं.

"चालीन. मी आठले येऊन पायरीवर बसत जाईन."

सोमवारी मी आठला पाच मिनिटं कमी असताना शटर वर केलं. तो समोरून डबा घेऊन येत होता.